अंदाजे पाचशे चाळीस कॅलरी

अश्विन ताकसांडे यांचा आकड्यांवर फार विश्वास होता, आणि तो असायला कारण होते. वर्ध्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात ते भूकरमापक होते. बारा वर्षांत त्यांनी जिल्ह्यातली इतकी शेते मोजली होती, इतक्या भावकीच्या भांडणात मधोमध उभे राहून मोजणीयंत्राची, म्हणजे रोव्हरची काठी जमिनीत रोवली होती, की एक गोष्ट त्यांच्या मनात कायमची ठसली होती. नकाशा आणि जमीन यांचे जुळत नसेल, तर चूक जमिनीची असते. बांध, म्हणजे धुरा, सरकतो, त्यावरचे झाड वाढते, शेजारी रात्रीतून दगड हलवतो. नकाशा मात्र हलत नाही. शेतकरी छातीवर हात मारून सांगत राहायचा, "साहेब, माया आज्यापासून धुरा इथंच हाये," आणि अश्विन शांतपणे म्हणायचे, "असेल. पण नकाशात नाही."

असा माणूस दिवाळीनंतर एका सकाळी वजनकाट्यावर उभा राहिला आणि काट्याने साडेबहात्तर दाखवले.

एरवी या आकड्याचे कोणाला काही वाटले नसते. छत्तिसाव्या वर्षी, सरकारी नोकरीत, साडेबहात्तर किलो म्हणजे सभ्यपणाच समजायचा. पण जानेवारीत केळझरला कबड्डीचे सामने होते, सत्तर किलो वजनगटाचे, आणि त्यांच्या गावच्या, हिंगणीच्या मंडळात उजवा कोपरा अश्विनचा होता. कॉलेजात असल्यापासून तो त्यांचाच होता. चढाई करणारा गडी पाय मागे घ्यायला अर्धा क्षण चुकला, की त्याचा घोटा अश्विनच्या हातात आलेला असायचा. ऑफिसात मितभाषी, शहरात मितभाषी, सासुरवाडीला तर जवळजवळ मुका असलेला हा माणूस त्या पांढऱ्या रेषेच्या आत मात्र वेगळाच कोणीतरी असे. यंदा मंडळाचे प्रमुख रूपराव यांनी फोनवर सरळ सांगून टाकले होते.

"अश्विन, तुया जागेवर खेळाले तीन पोट्टे तयार हाये. मी त्याईले थांबवून ठेवलं. पण काट्यावर सत्तरच्या वर एक ग्रॅम गेला, त मी तुले ओळखत नाई. न यंदा नाई खेळला, त पुढच्या साली बोलावनार बी नाई."

"येतो सत्तरमध्ये," अश्विन म्हणाले.

जिमचा ट्रेनर अमर याने त्यांना आराखडा दिला. दिवसाला सतराशे कॅलरी, एकशे वीस ग्रॅम प्रथिने. अमरचे स्वतःचे दंड एवढे होते, की त्याचे म्हणणे खोटे असू शकेल असे कोणाच्या मनातही येत नसे. "सर, प्रोटीन कमी पडलं त मसल जाते, न मसल गेला त पकड जाते," एवढे एकच वाक्य तो बोलला, आणि अश्विनला ते थेट काळजाला लागले.

प्रश्न शिजवायचा होता. पत्नी मेघा मोठ्या दवाखान्यात परिचारिका होती. कधी सकाळपाळी, कधी रात्रपाळी. समुद्रपूरची मुलगी, बोलण्यात कोणाला हार न जाणारी. तिने आराखड्याचा कागद एकदा वाचला आणि परत दिला.

"हे पाहा, मी दोन चुली नाई मांडत. मी वरण-भात करीन, पोळी करीन. तुमचे ग्रॅम तुम्ही पाहा."

तेव्हा अश्विनने ॲप उघडले, आणि त्यांना आपला खरा देश सापडला.

आजवर ॲपवरून जेवण मागवणे म्हणजे त्यांच्या लेखी आळशीपणा होता. आता तिथे प्रत्येक पदार्थाखाली बारीक अक्षरांत कॅलरी आणि प्रथिने लिहिलेली असायची. "जास्त प्रथिने" अशी गाळणी लावली की शहरातली सगळी हॉटेले निमूटपणे रांगेत उभी राहत. अश्विन रोज सकाळी चहासोबत ती रांग तपासत. जणू गावठाणाचा पट उघडला आहे आणि ज्याची त्याची हद्द पाहायची आहे.

आणि ते फसणाऱ्यांतले नव्हते. "प्रोटीन पोहे" नावाच्या पदार्थात नऊ ग्रॅम प्रथिनांसाठी तीनशे ऐंशी कॅलरी मोजाव्या लागतात, म्हणजे ते पोहेच आहेत आणि वर शेंगदाण्यांची टोपी घातली आहे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखले. दुसऱ्या दिवशी एका बिर्याणीखाली त्यांना चारशे तीस कॅलरी दिसल्या. ते मागवणारच होते, पण मोजणीदाराची नजर खालच्या ओळीवर गेली. आकडा एका वाढणीचा होता, आणि डबा दोघांचा. भाजीच्या आकड्यात पोळी धरलेली नसते, पनीरच्या भाजीत प्रथिनांपेक्षा साय जास्त असते, "ग्रिल्ड" म्हटलेले सगळेच ग्रिल्ड नसते, हे सगळे त्यांनी आठवड्याभरात पक्के केले. दर शंभर कॅलरीमागे किती ग्रॅम प्रथिने, हा त्यांचा स्वतःचा निकष. पाचाच्या खाली जे आले ते बाद.

या निकषावर सगळ्या वर्ध्यात एक थाळी अशी उतरली, की अश्विनला क्षणभर भरून आले. गावरान चिकन थाळी, तीन तुकडे, एक ज्वारीची भाकर, कांदा-लिंबू. अंदाजे पाचशे चाळीस कॅलरी, बेचाळीस ग्रॅम प्रथिने. शंभरामागे पावणेआठ. आणि हॉटेल कोणाचे, तर नत्थूकाकांचे.

नत्थूकाका हिंगणीचेच. वीस वर्षांपूर्वी गाव सोडून त्यांनी वर्ध्यात भोजनालय टाकले होते. गावच्या कबड्डीचा असा चाहता दुसरा नव्हता. सामना असला की हॉटेलला कुलूप लावून ते मैदानाच्या कडेला उभे राहत आणि पंचाला त्याच्या आईबापासकट सल्ले देत.

अश्विनने रोज दुपारी तीच थाळी मागवायला सुरुवात केली. "स्वयंपाकासाठी सूचना" या चौकटीत न चुकता लिहीत, "तेल कमी." रात्री कधी अंड्याची भुर्जी, तीही नत्थूकाकांकडचीच. प्रत्येक ऑर्डरचा फोटो अमरला. अमरकडून अंगठा. दिवसाची बेरीज कधी सोळाशे ऐंशी, कधी सोळाशे नव्वद. महिनाभर त्यांनी लग्नाची तीन जेवणे नाकारली, साहेबांच्या वाढदिवसाच्या केकला नुसता हात लावला, आणि मेघाच्या वरणावरचे तूप नजरेनेच बाजूला सारले.

महिन्याने काट्यावर उभे राहिले. त्र्याहत्तर.

अमरने काटा भिंतीपासून दूर ओढून पाहिला. पुन्हा त्र्याहत्तर.

"सर," तो आवाज खाली आणत म्हणाला, "रात्री उठून काही खाता काय?"

"नाही."

"खाल्लं त सांगा. डॉक्टर न ट्रेनर, दोघाईले खोटं नाई सांगावं."

अश्विनने मोबाईल काढून महिन्याच्या सगळ्या ऑर्डरी दाखवल्या. अमरने त्या मन लावून पाहिल्या, मान डोलावली आणि निकाल दिला. "ॲप बरोबर आहे. तुमचं मेटाबॉलिझमच सरकारी आहे." मग त्याने आराखड्यातून आणखी शंभर कॅलरी काढून घेतल्या, आणि अश्विनने त्या मुकाट्याने देऊन टाकल्या. नकाशा बरोबर होता. चूक अंगाची होती.

इथे कोणी विचारील, डबा उघडल्यावर या माणसाला काही दिसत नव्हते काय? दिसत होते. झाकण काढले की लाल तर्री काठापर्यंत आलेली असायची, तीन तुकड्यांच्या जागी चमच्याला पाच लागायचे, भाकरीला तुपाचा वास यायचा. हे सगळे अश्विनच्या डोळ्यांना दिसत होते. पण पाचशे चाळीस हा आकडा त्या सगळ्यासकट लिहिलेला आहे, अशी त्यांची समजूत होती. एवढे मिळते आणि तेही पाचशे चाळीसमध्ये, म्हणून तर त्यांचा नत्थूकाकांवर जीव होता.

गोष्ट उघड झाली ती मेघामुळे, आणि तीही तिला भूक लागली म्हणून. एका रविवारी ती पाळी संपवून घरी येता येता स्वतःच्या मोबाईलवरून तीच थाळी मागवून बसली, आणि त्याच वेळी अश्विनने आपली मागवली. दोन्ही डबे पाच मिनिटांच्या अंतराने दारात आले. ओट्यावर ते शेजारी शेजारी उघडले, तेव्हा मेघाने आधी दोन्ही डब्यांतले तुकडे मोजले.

"हे एकाच हाटेलातून आलं काय?"

तिच्या डब्यात तीन तुकडे होते, रस्सा दाट होता, कडेला तेलाची पातळ रेघ. भाकर एक, कोरडी. अश्विनच्या डब्यात पाच तुकडे, त्यातल्या दोन तंगड्या, आणि रश्श्यावर बोटभर तर्री. भाकरी दोन, आणि दोन्हींच्या मधे तूप. शिवाय एक लहानशी पिशवी गाठ मारून ठेवलेली. तीत आणखी तर्री.

मेघाने केकसाठी आणलेला छोटा काटा काढला. दवाखान्यात ती रोज रुग्णांच्या ताटल्या पाहायची; तिला हिशेब सांगावा लागत नव्हता. तर्री चमच्याने काढून तिने वाटीत घेतली. "तीन मोठे चमचे तेल. एका चमच्याचे एकशे वीस धरा. साडेतीनशे झाले. वरची भाकर, तूप, दोन तंगड्या." तिने वर पाहिले. "तुमचे पाचशे चाळीस माया डब्यात हाये. तुमच्या डब्यात अकराशे हाये."

अश्विनने ॲप उघडले. आकड्याशेजारच्या बारीक खुणेवर आयुष्यात पहिल्यांदा बोट ठेवले. खाली ओळ उघडली. उपाहारगृहाने कळवलेल्या प्रमाणावरून काढलेला अंदाज. प्रत्यक्ष पदार्थात फरक असू शकतो. बारा वर्षे ज्याने लोकांना नकाशाखालची बारीक अक्षरे वाचायला लावली, त्याने ही ओळ वाचलेली नव्हती.

"पण फरक असा नावानुसार कसा पडेल?" ते म्हणाले.

"जाऊन विचारा ना. तुमचेच काका हाये."

दुसऱ्या दिवशी दुपारची गर्दी ओसरल्यावर अश्विन भोजनालयात गेले. नत्थूकाका गल्ल्यावर नव्हते. आत भट्टीजवळ होते. अश्विनला पाहताच काकांनी झारा बाजूला ठेवला.

"ये बे, कोपऱ्या! कशी काय तब्येत? चेहरा काऊन उतरला?"

"काका, मी रोज थाळी मागवतो..."

"मालूम हाय ना! मशीनमधून चिठ्ठी निघते, तिच्यावर नाव असते. अश्विन दिसलं की मी पोराईले म्हनतो, सरका, हा डबा मी भरतो." काकांचा चेहरा उजळून निघाला होता. "केळझरले पकड कराची हाय तुले. तीन तुकड्यानं का होते?"

"पण तिथे तीन तुकडे लिहिले आहेत, काका. पाचशे चाळीस कॅलरी."

"हाव, लिवलं ना. त्या ॲपवाल्यानं इचारलं, किती ग्रॅम कोंबडी, किती तेल. मी खरं खरं सांगितलं, त्यावरून त्यानं आकडा काढला. खोटं नाई त्याच्यात. साऱ्या दुनियेले मी तसंच देतो, मोजून." ते किंचित पुढे झुकले. "पण गावच्या पोराले मोजून देऊ? लोकं काय म्हनतील, नत्थू शहरात जाऊन काट्यावर बसला?"

"मी 'तेल कमी' असं लिहितो रोज."

"वाचतो ना मी. हासू येते मले. म्हटलं, संकोची पोट्टा हाय, आपल्याले खर्च नको म्हनून लिवते."

अश्विनचे बोलायचे वाक्य तयार होते. सकाळपासून त्यांनी ते तीनदा जुळवले होते. काका, मला मोजून द्या. चार शब्द. शेताच्या बांधावर ते याहून कडक शब्द रोज बोलत. पण इथे समोर एक म्हातारा माणूस हाताला लागलेले तिखट धोतराला पुसत होता आणि त्याच्या डोळ्यांत केळझरचे मैदान दिसत होते. हिंगणीत मोजून देणे म्हणजे संबंध संपल्याचे सांगणे. वाण्याने मोजावे, घरच्याने नाही.

"चहा घेशील?" काकांनी विचारले.

"घेतो," अश्विन म्हणाले, आणि साखर घातलेला पूर्ण पेला पिऊन परत आले.

त्या संध्याकाळी त्यांनी जे केले त्याला धैर्य म्हणता येणार नाही. पण उपाय म्हणून ते चोख होते. त्यांनी मेघाचा मोबाईल मागून घेतला.

"आजपासून थाळी तुझ्या नावाने."

मेघा हसत हसत खुर्चीवरच बसली. "म्हंजे काकाले घाबरून माया पदराआड लपता? न जमिनीवर मोठे साहेब!"

"वजन कमी होईस्तोवर," अश्विन म्हणाले.

आणि वजन उतरू लागले. मेघा नावाच्या गिऱ्हाइकाला नत्थूकाकांच्या भोजनालयातून रोज तीन तुकडे, एक कोरडी भाकर आणि रेघभर तेल येत राहिले. पाचशे चाळीस म्हणजे पाचशे चाळीसच. अमरने श्रेय आपल्याकडे घेतले. मधे एकदा काकांचा फोन आला. "तुया चिठ्ठ्याच निघेनात. रागावला काय बे?" अश्विनने, घरून डबा नेतो, असे सांगितले. ते अर्धवट खोटे होते, आणि त्या रात्री त्यांना पाचशे चाळीस कॅलरीसुद्धा गेल्या नाहीत.

सामन्याच्या सकाळी केळझरच्या मैदानावर थंडी मी म्हणत होती. कापूस मोजायचा मोठा इलेक्ट्रॉनिक काटा आणून मंडपात ठेवला होता. रूपराव मंडळाची वही घेऊन शेजारी बसले होते. बनियन आणि चड्डीवर कुडकुडत एकेक गडी काट्यावर चढे. अश्विन चढले. आकडा हलला, थांबला. सत्तर किलो दोनशे.

रूपरावांनी वहीवरचा पेन उचलून धरला. "यादी बंद व्हाले अर्धा तास हाय. तवापर्यंत पाहा काय जमते. त्याच्यावर मी काही करू शकत नाई."

तेवढ्यात मागून आवाज आला. "का झालं? का झालं पोराले?" नत्थूकाका मोठा पितळी डबा हातात घेऊन मंडपात शिरत होते. वजनाची गोष्ट कळताच ते रूपरावांवर उसळले. "दोनशे ग्रॅम! वांग्याचं वजन असते तेवढं! पोरगं महिन्यापासून माया हाटेलात जेवत नाई, वाळून गेलं, न तुमी अजून..."

"जेवतात की काका," मागे उभी असलेली मेघा पटकन बोलून गेली. "रोज तुमचीच थाळी. माया मोबाईलवरून."

काका थांबले. आधी त्यांनी मेघाकडे पाहिले, मग अश्विनकडे, मग पुन्हा मेघाकडे.

"ते मेघा तू होय?"

"हाव."

"गल्लीबोळातली कोणती मेघा म्हनून मी..." काकांच्या हातातला डबा खाली आला. "सूनबाई, एवढे दिवस मी तुले मोजून देल्लं? काट्यावर ठेवून? कोरडी भाकर?"

ते इतके हादरलेले दिसले, की दोनशे ग्रॅमची गोष्ट क्षणभर सगळेच विसरले. अश्विनने मान खाली घातली. आता बोलायला पाहिजे होते, आणि ते बोलले.

"काका, तुमच्या तर्रीनं माझं वजन वाढलं. तुमच्या तोंडावर सांगवलं नाही. म्हणून तिच्या नावानं मागवली."

काकांनी डबा मेघाच्या हाती दिला, अंगातला जाडजूड लोकरी स्वेटर काढला आणि अश्विनच्या डोक्यातून खाली ओढला. वर स्वतःचा मफलर गुंडाळला. एका गड्याची घोंगडी हिसकावून अश्विनच्या खांद्यावर टाकली.

"पळ. घाम काढ. पाणी पिजो नको."

अश्विन मैदानाभोवती पळू लागले. दुसऱ्या फेरीला त्यांना बाजूला धापा ऐकू आल्या. धोतराचा सोगा हातात धरून नत्थूकाका पळत होते.

"तुमी कशाले, काका?" धापा टाकता टाकता अश्विनच्या तोंडून शहरात गेल्यापासून दडवून ठेवलेली बोली बाहेर आली.

"माया तर्रीचं वजन हाय ते," काका म्हणाले. "मले बी त पळा लागन."

तिसऱ्या फेरीला ते खाली बसले आणि तिथूनच ओरडून पळवू लागले. यादी बंद व्हायच्या जरा आधी अश्विनने घोंगडी, मफलर, स्वेटर उतरवला, अंग टॉवेलने कोरडे पुसले आणि काट्यावर पाय ठेवला. एकोणसत्तर किलो नऊशे पन्नास. रूपरावांनी डोळे वर न करता वहीत नाव लिहिले, उजवा कोपरा.

सामन्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पहिल्या फेरीत हिंगणी जिंकली. अश्विनने दोन घोटे धरले आणि एक सोडला. दुसऱ्या फेरीत समोरचे गडी विशीतले होते आणि हिंगणी हरली. नत्थूकाकांनी पंचाला सगळे सल्ले नेहमीप्रमाणे दिले.

दुपारी कडुलिंबाखाली पितळी डबा उघडला. काकांनी आधी मेघापुढे ताट ठेवले. पाच तुकडे, दोन भाकरी, मधे तूप, आणि वर तर्री, काठाला लागेपर्यंत. मग आणखी एक पळी, मग ताटाला जागा उरली नाही तरी आणखी एक. मेघा नको नको म्हणत राहिली आणि त्यांनी ऐकले नाही. मग ते अश्विनकडे वळले. पळी डब्यावर धरून त्यांनी भुवया उंचावल्या.

"तुले कसं देऊ, साहेब? मोजून?"

मेघा खाली पाहून हसली. अश्विनने मागे वळून मंडपाकडे पाहिले. दोन माणसे कापसाचा काटा उचलून ट्रॅक्टरवर चढवत होती.

"काटा गेला, काका," ते म्हणाले, आणि ताट पुढे केले. "मेघाले देल्लं तसंच द्या."